सोनबाच्या हॉटेलची लादी

भोरच्या बाजारपेठेत फिरोज बेकरीवाल्याच्या पावाचं जेवढं नाव होतं, तेवढंच त्याच्या तोंडातल्या म्हणींचं होतं. गिऱ्हाईक पाव घ्यायला यायचं आणि पावाबरोबर एखादी म्हण फुकट घेऊन जायचं. त्यातली त्याची लाडकी होती, झाकली मूठ सव्वा लाखाची. ही म्हण तो उठता बसता वापरायचा, आणि घरात थोरला भाऊ आजारी पडल्यापासून तर ती त्याचा धर्मच झाली होती.

थोरला म्हणजे जलाल. दोघा भावांची वाटणी वडिलांच्या काळापासून साधी होती. रात्रीची भट्टी जलालची, दिवसाचं दुकान फिरोजचं. जलालनं मळलेल्या पिठाचा पाव टेम्पोतून नसरापूर, मार्गासनी करत वेल्ह्यापर्यंत जायचा. गेल्या हिवाळ्यात त्याचं काहीतरी बिनसलं. मळता मळता हात थांबायचे. चांगली भाजलेली पावाची लादी तो उकिरड्यावर टाकून यायचा आणि म्हणायचा, माझा हात लागला की बिघडतं. मग जेवण सुटलं, झोप उडाली, आणि एक दिवस तो उठलाच नाही. ताप नाही, दुखणं नाही, नुसता भिंतीकडं तोंड करून पडलेला.

नातेवाइकांनी नजर लागली म्हणून सांगितलं. फिरोजनं दर्ग्यावर चादर चढवली, ताईत बांधला. शेवटी जलालच्या बायकोनं, बानोभाभीनं, कुणाला न विचारता त्याला रिक्षात घातलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं ठरलेल्या वारी मनाच्या आजाराचे डॉक्टर बसायचे. त्यांनी रक्त तपासलं, बराच वेळ बोलले आणि सांगितलं की हे तीव्र नैराश्य आहे, आजार आहे, आळस नव्हे. गोळी सुरू केली. गुण यायला काही आठवडे लागतील, मधेच सोडू नका, असं दोनदा बजावलं.

पण गोळीपेक्षा घरात जास्त बोलबाला झाला तो दवाखान्यातल्या नूतन सिस्टरच्या बेताचा. या बाईनं जलालशेजारी खुर्ची ओढून त्याच्या दिवसाचं सगळं गणित मांडलं. रात्रीची भट्टी सध्या गड्यांकडं, जलालला बंद. झोप लागो न लागो, सकाळी रोज एकाच वेळी उठायचं आणि उन्हात बसायचं. दिवसा अंथरुणाला पाठ लावायची नाही, दुपारनंतर चहा नाही. जलाल महिनोन् महिने चहा-खारीवर जगत होता, तेही तिनं खोदून काढलं. भूक नसली तरी थोड्या थोड्या वेळानं चार घास खायचे. अंडं, वरणभात, दूध, शेंगदाण्याचा लाडू. दर खेपेला वजन करायचं. गोळ्या बानोभाभीच्या ताब्यात.

आणि काम. काम म्हटल्यावर फिरोजला बरं वाटलं नाही. आजारी माणसाला काम सांगतात का? सिस्टर म्हणाली, सांगतात, पण पायरीपायरीनं. आधी उन्हात बसणं. मग स्वतःचा कप विसळणं. मग गल्लीच्या टोकापर्यंत चालणं. प्रत्येक पायरी जलालनं स्वतः निवडायची.

"मन झालं की करू, असं म्हणायचं नाही," ती म्हणाली. "वेळ झाली की करायचं. मन मागून येतं."

घरच्यांना तिनं वेगळं सांगितलं होतं. त्याचं काम तुम्ही उरकू नका, टोचून बोलू नका. आणि एखादं काम थांबवायचं असेल तर त्याच्याशी आणि माझ्याशी बोलून थांबवा, परस्पर काढून घेऊ नका. फिरोजनं मान डोलावली होती. मान डोलवायला काही लागत नाही.

नवल म्हणजे बेत लागू पडला. हळूहळू, रडतखडत, पण पडला. कप विसळणारा जलाल एक दिवस आपण होऊन दुकानात आला आणि लाद्या मोजू लागला. पुढच्या खेपेला सिस्टरनं विचारलं, आता काय जमेल? जलाल म्हणाला, "सोनबाच्या हॉटेलला एक लादी पोचवीन. पायी."

सोनबाचं हॉटेल उत्रोलीच्या रस्त्याला. चार बाकडी, मिसळ आणि चहा. सोनबा म्हातारा, मोजकं बोलणारा. फिरोजनं त्याला आधी सांगून ठेवलं होतं, त्यामुळं पहिल्या दिवशी जलाल घामाघूम होऊन लादी घेऊन पोचला, तेव्हा सोनबानं कौतुक केलं नाही की चौकशी केली नाही. लादीचं एक टोक दाबून बघितलं आणि म्हणाला, "आज पाव बरा हाय." तेवढंच. मग ते रोजचं झालं. जलाल सकाळी अंघोळ करून फडक्यात गुंडाळलेली लादी घेऊन निघायचा, सोनबा टोक दाबायचा, पाव बरा हाय म्हणायचा, आणि जलाल बाकड्यावर बसून एक उकडलेलं अंडं खाऊन परत यायचा. रात्री झोप लागू लागली. एकदा तर तो जेवताना म्हणाला, मीठ कमी हाय. बानोभाभी आत जाऊन रडली. ज्याला कशाचीच चव नव्हती, त्याला मीठ कळलं.

आणि इथंच फिरोजच्या म्हणीनं डोकं वर काढलं.

फिरोजच्या मुलीला, फिजाला, कामथडीचं स्थळ आलं. मुलगा मोहसीन, हायवेवर गॅरेज, निर्व्यसनी, घराला गावात वजन. बघायला यायचं ठरलं आणि फिरोजला धास्ती लागली. मुलीच्या सख्ख्या चुलत्याचं डोकं फिरलंय, असं कुणी मोहसीनच्या वडिलांच्या कानावर घातलं तर? त्यांचा माणूस नेमका सोनबाकडं चहाला बसला, आणि समोरून दाढी वाढलेला, संथ पावलांचा, फडक्यात लादी घेतलेला जलाल आला तर? भावाच्या आजारापेक्षा भावाचं दिसणं त्याला जास्त बोचत होतं. हे त्यानं स्वतःशीसुद्धा कधी कबूल केलं नसतं.

चार दिवस थांब, असं जलालला सरळ सांगता आलं असतं. पण मग का, असं जलालनं विचारलं असतं. म्हणून फिरोजनं सोपी वाट धरली. सकाळी जलाल अंघोळ करून, टोपी घालून दुकानात लादी न्यायला आला, तेव्हा वजनकाट्याकडं बघत तो म्हणाला, "भाई, सोनबानं पाव बंद केलाय. दुसऱ्याकडनं घेतो आता."

 जलालनं हातातलं फडकं घडी घालून गल्ल्यावर ठेवलं आणि आत गेला. तिकडं सोनबाला फिरोजनं सांगितलं की भाई साताऱ्याला नातेवाइकांकडं गेलाय, आणि लादी स्वतः मोटरसायकलवरून टाकू लागला. एका खोट्याला दुसरं खोटं टेकू म्हणून लागतंच.

पाहुणे आले. फिजानं चहा नेताना आईला हळूच विचारलं, बडे अब्बा का नाहीत बाहेर? फिरोजनं डोळे वटारले. मोहसीनच्या वडिलांनीही विचारलं, थोरले दिसत नाहीत? फिरोज म्हणाला, साताऱ्याला गेलेत. तेवढ्यात मागच्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला. जलालचा खोकला सगळ्या गल्लीला पाठ होता. फिरोज मैद्याच्या भावावर इतक्या जोरात बोलू लागला की पाहुणे दचकले. पण पसंती झाली. मंगनी पुढच्या महिन्यात ठरली, आणि फिरोजनं मनाशी ठरवलं, एवढी मंगनी होऊन जाऊ दे, मग भाईला परत लादी देऊ.

तोवर भाई थांबणार होता थोडाच.

अंघोळ आधी गेली. मग सकाळचं उठणं गेलं. दिवसभर पडून राहायचं आणि रात्रभर टक्क जागं. बानोभाभी अंडं सोलून पुढं ठेवायची आणि तसंच उचलून न्यायची. भावजी, ह्यांचं पुन्हा पहिल्यासारखं व्हायला लागलंय, असं ती दोनदा म्हणाली. फिरोजनं दोन्ही वेळा हवापाण्यावर ढकललं. तिनं लादीचं विचारलं तेव्हा तिलाही त्यानं तेच सांगितलं, सोनबानं बंद केलं.

दवाखान्याची तारीख आली. काट्यावर जलालचं वजन उतरलेलं दिसलं. नूतन सिस्टर बराच वेळ एकट्या जलालशी बोलली, मग त्याला विचारून तिनं फिरोज आणि बानोभाभीला डॉक्टरांसमोर बोलावलं. जलालच्या मनात मरणाचे विचार येतात, असं तिनं स्वच्छ शब्दांत सांगितलं. काही करायचं त्यानं ठरवलेलं नाही, पण त्याला एकटं ठेवायचं नाही, घरातलं उंदराचं औषध आजच बाहेर टाकायचं, गोळ्या कुलपात. विचार वाढले तर तारखेची वाट न बघता लगेच यायचं. बानोभाभीनं पदर तोंडाला लावला.

जलाल जमिनीकडं बघत होता. तो हळू आवाजात म्हणाला, "मी मेलो तर कुणाचं काय अडणार हाय? एक लादी न्यायचो, ती पण नको झाली सोनबाला."

फिरोजच्या कानशिलात बसल्यासारखं झालं.

डॉक्टरांनी विचारलं, मागच्या खेपेला एवढी सुधारणा होती, बेत पाळला जात होता, मग एका लादीवरनं एवढी घसरण कशी? घरात आणखी काही घडलं का? बानोभाभीनं फिरोजकडं बघितलं. सिस्टरनंही बघितलं. आता बोलायची वेळ होती. एक वाक्य होतं, जिभेच्या टोकावर होतं. पण बाहेर बाकावर ओळखीची माणसं बसली होती, दार अर्धवट उघडं होतं, आणि ज्यानं आयुष्यभर मूठ झाकली त्याची बोटं अशी पटकन उघडत नाहीत.

"न्हाई," फिरोज म्हणाला. "काय न्हाई घडलं."

डॉक्टरांनी गोळीचा डोस वाढवला, आठवड्यानं बोलावलं, आणि फरक पडला नाही तर पुण्याला दाखल करावं लागेल असं सांगितलं. म्हणजे फिरोजच्या खोट्याची गोळी जलालनं गिळायची होती. रिक्षात फिरोज भावाशेजारी बसला आणि घर येईपर्यंत त्यानं भावाच्या चपलांकडं बघितलं. चपला उलट्या पायांत होत्या. दवाखान्यात जाऊन आलो तरी आपल्याला ते दिसलं नव्हतं, याची त्याला लाज वाटली.

संध्याकाळी तो सोनबाकडं गेला. डोक्यात त्याही वेळी अक्कल नव्हती, युक्ती होती. सोनबानं घरी येऊन फक्त एवढं म्हणायचं की माझी चूक झाली, उद्यापासून पाव पाठवा. म्हणजे कुणालाच काही कळणार नाही. भाई बरा, मंगनी बरी, मूठ झाकलेली.

सोनबानं ऐकून घेतलं. चहाचा गाळ टाकून आला आणि बाकड्यावर बसला.

"म्हंजी म्या बंद केला असं सांगितलं व्हय त्येला," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं. मग त्यानं जे सांगितलं त्यानं फिरोजचा चहा हातातच राहिला. मोहसीनचे वडील भोरला आले की वर्षानुवर्षं इथंच चहा घ्यायचे. जलालला त्यांनी लादी घेऊन येताना कितीदा बघितलं होतं. एकदा त्याच्या शेजारीच बसले होते, पावसापाण्याचं बोलले होते. कुठल्या आजारातून उठलाय तेही त्यांना ठाऊक होतं. मुलगी बघून जाताना परत इथं थांबले आणि म्हणाले, थोरले साताऱ्याला गेलेत म्हणतात, पण खोकत तर आत होते.

"मग तू काय म्हनलास?" फिरोजनं विचारलं.

"काय म्हननार? म्हनलं, गेले असतील सातारला." सोनबानं त्याच्याकडं बघितलं. "तुजी लाज म्या राखली. त्येनी बी राखली. तू तेवढी भावाची राखली न्हाईस."

फिरोज उठला. हॉटेलातली माणसं आपल्याकडंच बघतायत असं त्याला वाटलं, खरं तर कुणी बघत नव्हतं. म्हणजे मूठ कधी झाकलेली नव्हतीच. सगळ्यांनी उघडी बघितली होती आणि माणुसकीनं नजर वळवली होती. एकटा जलालच होता, ज्यानं धाकट्या भावाचा शब्द खरा मानला.

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात गेला. बाहेरच्या बाकावर कोण बसलंय ते त्यानं बघितलं, आणि तरीही आत जाऊन नूतन सिस्टरला सगळं सांगितलं. ती रागावेल, असं त्याला वाटत होतं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली की हे डॉक्टरांना कळायलाच हवं, कारण त्यांनी औषध या माहितीवर ठरवलंय. ते सांगेपर्यंत गोळी आहे तशीच द्यायची, आपल्या मनानं कमीजास्त करायची नाही. मग ती म्हणाली की जलालला हे तुम्हीच सांगा. आणि लगेच लादी हातात देऊ नका, आज ते झेपणार नाही. पायरी खालची घ्या. दारापर्यंत आले तरी खूप.

"रोज त्याच वेळी," ती म्हणाली, "आणि तुम्ही सोबत बसा. उघड्यावर."

उघड्यावर हा शब्द तिनं मुद्दाम वापरला की सहज, हे फिरोजला कळलं नाही. पण लागायचा तिथं लागला.

सकाळी ठरल्या वेळी तो जलालच्या खोलीत गेला. बानोभाभी उशाशी होती. जलाल जागाच होता, भिंतीकडं तोंड करून. फिरोज खाली बसला. लहानपणी चूक झाली की असाच बसायचा, पण तेव्हा मारणारा हात याच माणसाचा असायचा आणि मारून झाल्यावर नानकटाई देणाराही याचाच.

"भाई," तो म्हणाला, "सोनबानं पाव बंद केला न्हवता. म्या केला. पावण्यांनी तुला बघू नये म्हनून. मला लाज वाटली तुजी."

बानोभाभीनं एकदम वर बघितलं. ती नजर फिरोज जन्मभर विसरणार नव्हता. जलाल हलला नाही. बाहेर टेम्पो सुरू झाला, गेला, गल्ली पुन्हा शांत झाली. फिरोजला वाटलं, ऐकूच गेलं नसेल. मग भिंतीकडूनच आवाज आला.

"मला वाटलं, माजा हात लागून पाव बिघडला."

फिरोज रडला. तोंडावर हात न घेता, बेकरीच्या गड्यांना ऐकू जाईल असा रडला. इतके दिवस हा माणूस अंधारात पडून आपल्या हातांना दोष देत होता, आणि ते हात निर्दोष आहेत हे एकट्या फिरोजला ठाऊक होतं.

त्या दिवशी जलाल उठला नाही. दुसऱ्या दिवशी उठून बसला, पाय जमिनीवर टेकवले आणि परत आडवा झाला. फिरोज रोज त्याच वेळी जाऊन शेजारी बसत राहिला. बोलण्यासारखं त्याच्याकडं काही नव्हतं, आणि म्हणी तर सगळ्या आटून गेल्या होत्या. फिजा उकडलेलं अंडं आणून ठेवायची आणि बडे अब्बांच्या पायाशी बसून मिरच्यांची देठं काढायची. डॉक्टरांच्या तारखेला फिरोजनं त्यांच्यासमोर तेच पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं असेल असं त्याला वाटलं होतं. नव्हतं. डॉक्टरांनी पुण्याचं सध्या लांबवलं आणि लवकरची तारीख दिली.

मग एका सकाळी जलाल दारापर्यंत आला. अंघोळ नव्हती, दाढी वाढलेली, सदऱ्याचं बटण चुकलेलं. फिरोज त्याला घेऊन दुकानाच्या पायरीवर बसला, भर रस्त्याच्या तोंडावर, कोवळ्या उन्हात. बाजाराची वेळ होती. माणसं पावाला येत होती आणि जलालकडं बघून न बघितल्यासारखं करत होती. फिजानं सोललेलं अंडं दिलं. जलालनं ते नुसतं हातात धरलं.

तेवढ्यात रस्त्यापलीकडं मोटरसायकल थांबली आणि मोहसीनचे वडील उतरले.  ते सरळ पायरीपाशी आले, सलाम केला आणि विचारलं, "थोरले कधी आले सातारहून?"

त्यांनी वाट करून दिली होती. कालच आले, एवढं म्हटलं की झालं असतं. शब्द फिरोजच्या जिभेवर तयारच होते, सवयीनं आले होते. शेजारी जलाल अंड्याकडं बघत होता.

"सातारला गेलाच न्हवता," फिरोज म्हणाला. गल्ल्यापुढं पावाला उभी असलेली माणसंही वळून बघू लागली. "हितंच व्हता. आजारी हाय, मनाचा आजार हाय. औषध चालू हाय. म्या लपवून ठेवला व्हता त्याला."

जलालनं मान वर केली. किती दिवसांनी त्यानं भावाच्या चेहऱ्याकडं बघितलं, ते फिरोजला सांगता आलं नसतं. बघत राहिला. मग हातातल्या अंड्याचा एक लहानसा तुकडा मोडून त्यानं तोंडात टाकला, सावकाश चावला आणि गिळला.

"पावणं हुबं हायत," तो म्हणाला. "सरक जरा, बसू दे त्यास्नी."

फिरोज सरकला.